भिंतीवरची गेरूची तारीख

भिमाजीभाऊंबद्दल लिहायचं तर आधी त्यांचे हात सांगितले पाहिजेत. मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडेच ओरखडे. जुने पांढरे पडलेले, नवे लाल. कुणी विचारलं तर म्हणायचे, "ह्यो माझा पगार हाय, सरकारचा निराळा."

नोकरी गुरांच्या सरकारी दवाखान्यात. हुद्दा व्रणोपचारक. नाव भारदस्त, काम असं की जनावराच्या जखमा धुवायच्या, पट्टी बांधायची आणि डॉक्टर सुई टोचतील तेव्हा जनावर धरून उभं राहायचं. आमच्या पिंपरी पेंढारला दवाखान्यात यायच्या त्या गाई, म्हशी, शेळ्या. मांजर घेऊन कुणी आलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. मांजर कधी कुणाचं असतं का? ते सात घरचं. दूध सांडलं तर शेजारच्याचं, उंदीर धरला तर आपलं.

भिमाजींना मांजराची कळकळ का, हे मला मागाहून कळलं. त्यांची थोरली बहीण पारूबाई पेठला दिली होती. एक्क्याण्णव साली गोठ्यात एक भटकं मांजर तिच्या पोटरीला चावलं. हळद लावली आणि विसरली. दोन महिन्यांनी पाण्याचा तांब्या पाहून तिचा गळा आवळायला लागला. घरचे म्हणाले, बाहेरचं काहीतरी लागलंय, कारण कुत्रं पिसाळतं हे सगळ्यांना ठाऊक, मांजर कुठं पिसाळतं? ती गेली तेव्हा भिमाजी तिचे हात धरून बसले होते. तेव्हापासून हा माणूस गुरांच्या दवाखान्यात राहून मांजरांच्या मागे लागला. लोक त्यांना 'मांजरडॉक्टर' म्हणून चिडवत. मीही चिडवलंय.

मी शाळेची मुख्याध्यापिका होते. आता निवृत्त. फाटकात घड्याळ घेऊन उभी राहणारी बाई अशी माझी ख्याती. एक मिनिट उशीर झाला तर पोरगं काय, पोराचा बापसुद्धा माझं ऐकून घ्यायचा. शेजारचे चांगदेव तर मला बघून सायकलवरून उतरायचे. वेळ आणि तारीख पाळणं यापलीकडे मला काही येत नव्हतं, पण ते येतं म्हणून मी ताठ होते.

२००४च्या श्रावणात माझ्या माळ्यावर एक मांजरी व्याली. तीन पिल्लं. आयुष्यात मी मांजर पाळलं नव्हतं, पण बाजरीच्या पोत्यांना उंदरांनी भोकं पाडली होती, म्हणून म्हटलं, राहू देत. भिमाजींना कसा वास लागला देव जाणे. आठवड्याच्या आत दारात हजर.

पहिल्या दिवशी ते ओट्यावरच थांबले. मीही 'आत या' म्हणाले नाही. बौद्ध आळीतला माणूस आणि आमच्या घरची जुनी वळणं, दोघांनाही ठाऊक होती. मी पोरांना समतेवर निबंध लिहायला लावणारी बाई! आज हे लिहिताना लाज वाटते. त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही, ते ओट्यावरूनच बोलले.

"बाई, पिल्लं कंच्या दिवशी झाली त्ये लिवून ठेवा. घरात आली तवापासून मोजायचं न्हाई, डोळं उघडल्यापासून बी न्हाई. जन्मली तवापासून."

"कशाला? बारसं करायचंय?"

"सुया टोचायच्यात. दोन म्हयन्यांची झाली की पयली. तीन म्हयन्यांची झाली की दुसरी, आन् त्याच येळी पिसाळण्याची निराळी सुई. चौथ्या म्हयन्याला डॉक्टर म्हनले तर आजून एक. मग वर्सानं. मग दर साली, मांजर हाय तवर."

मी म्हटलं, एकच रोग आणि एवढ्या सुया? माणसाच्या पोराला नाहीत एवढ्या. तेव्हा त्यांनी मला जे सांगितलं ते मी नंतर सातवीच्या वर्गातसुद्धा सांगितलंय, इतकं ते स्वच्छ होतं. रोग एक नाही. पहिल्या सुईत तीन रोगांची लस असते. एक ओकारी-जुलाबाचा, तो सर्वांत वाईट, पिल्लू दोन-तीन दिवसांत खलास. बाकीचे दोन सर्दीचे, डोळे चिकटवणारे आणि तोंडात फोड आणणारे. पिल्लू आईला पितं तेव्हा दुधातून आईची राखण त्याच्या अंगात येते. ती राखण अंगात आहे तोवर बाहेरची लस नीट लागू पडत नाही. ती उतरते दीड-दोन महिन्यांपुढं, पण कुठल्या पिल्लाची कधी उतरेल हे कुणाला सांगता येत नाही. एक सुई वाया गेली तर दुसरी लागू पडावी, म्हणून तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा.

"आन् टोचायच्या आदी जंताचं औशद. पिल्लू खातंय, खेळतंय, ताप न्हाई, तरच सुई. आजारी पिल्लाला टोचायचं न्हाई."

चांगदेवांनी तिन्हींतलं एक पिल्लू मागितलं. पाच आठवड्यांचं होतं. भिमाजी म्हणाले, आईला पितंय, अजून तीन आठवडे थांबा, पहिली सुई होऊ द्या. चांगदेव म्हणाले, "लई बघितली मांजरं, राव." घेऊन गेले. सुईच्या दिवशी आणलं नाही. पुढच्या पंधरवड्यात ते पिल्लू पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसलं, पिवळं ओकलं आणि तिसऱ्या दिवशी गोणपाटावर आखडून गेलं. भिमाजींनी ते गोणपाट चांगदेवांसमोर जाळलं आणि बजावलं, हा रोग घरात वर्षभर दबा धरून राहतो, आता या घरात नवं पिल्लू आणायचं ते दोन्ही सुया झाल्यावरच. चांगदेव मान खाली घालून उभे होते. मी त्यांना म्हटलं, "तारीख पाळायला काय पैसे पडतात?" हे माझे शब्द. ते मला पुढं पुरून उरले.

राहिलेल्या दोन पिल्लांना दसऱ्याच्या आसपास पहिली सुई झाली आणि दिवाळी उरकल्यावर दुसरी. दुसरीबरोबर पिसाळण्याची. डिसेंबरात डॉक्टरांनी तिसरीही दिली. एक तांबडी मांजरी भिमाजी घरी घेऊन गेले, त्यांची मुलगी हर्षाली हट्ट धरून बसली होती. दुसरी माझी चिंगी. लस सरकारी नसायची. भिमाजी सुट्टीच्या दिवशी एसटीनं पुण्याला जायचे आणि लाल रंगाच्या थर्मासात बर्फ घालून कुप्या आणायचे. कुपी कपड्यात गुंडाळलेली, बर्फाला चिकटू नये म्हणून. "गार पायजे, पर गोठली की मेली." थर्मास मांडीवर घेऊन बसायचे, टपावर किंवा पायाशी कधी ठेवला नाही. उतरल्यावर दवाखान्याच्या फ्रीजमध्ये, आणि वीज गेली की पुन्हा थर्मासात. पोराला इतकं कुणी जपत नाही.

प्रत्येक मांजराचं कार्ड. त्यावर कुपीचं लेबल आणि डॉक्टरांची सही. पण भिमाजींना लोक ठाऊक होते. म्हणाले, कार्ड पेटीत जातं आणि पेटी कुणी उघडत नाही. पोलिओचे कार्यकर्ते दाराशी खडूनं खूण करतात ते त्यांनी पाहिलं होतं. त्यावरून ते प्रत्येक घराच्या आत, चौकटीशेजारच्या भिंतीवर, पुढच्या सुईची तारीख गेरूनं लिहायचे. येता-जाता डोळ्यासमोर. माझ्या भिंतीवर लिहिलं, 'चिंगी, २० नोव्हें. २००५'. तोवर ते घरात येऊन चहा घेऊ लागले होते. लिहून झाल्यावर दोन पावलं मागं सरून बघितलं आणि म्हणाले, "ह्या घरची मला काळजी न्हाई. बाईंचं घर म्हंजी हजेरीपुस्तक."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली आंबेगाव तालुक्यात झाली, बिऱ्हाडही तिकडं हललं. तरी आमच्या गावचं काम सोडलं नाही. आमच्या आळीतल्या सगळ्या मांजरांची वर्षाची सुई त्यांनी नोव्हेंबरातल्या एकाच रविवारी जुळवून आणली होती. पुण्याहून मोजून कुप्या आणायच्या, थर्मास आमच्या डॉक्टरांच्या हाती द्यायचा आणि आल्या पावली परत. लोकांनी फक्त मांजर पिशवीत घालून दवाखान्यात न्यायचं.

२००५ची दिवाळी एक नोव्हेंबरला होती. दिवाळीआधी घराला चुना लावायचा ही आमची पद्धत. या घराची, त्या घराची, सगळ्या गावाची. त्या वर्षी माणूस मिळाला नाही म्हणून मी स्वतः कुंचला घेतला. दाराजवळच्या भिंतीवर आले तेव्हा गेरूची अक्षरं दिसली. मला आठवतंय, मी थबकले. मनाशी म्हटलं, वीस नोव्हेंबर, लक्षात राहील, मला कुठं लिहून ठेवायला लागतं? आणि कुंचला फिरवला.

त्याच वर्षी निवृत्त झाले होते, म्हणून भाऊबीज झाल्यावर लेकीकडे पुण्याला गेले ती डिसेंबर लागल्यावर परतले. चिंगीला बघून आठवलं. हरकत नव्हती. भिमाजीच सांगायचे, उशीर झाला म्हणून सोडू नका, आणा, पुन्हा सुरू करता येतं. पण त्यासाठी डॉक्टरांसमोर कार्ड उघडावं लागलं असतं. चांगदेवांनी कोपरखळी मारली असती, "बाईंची बी गैरहजेरी!" मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी एकाऐवजी दोन वर्षांचं खाडं झालं, म्हणजे दुप्पट लाज. त्याच्या पुढच्या वर्षी मी कार्ड पेटीच्या तळाशी ठेवून दिलं. चिंगी धष्टपुष्ट होती, उंदीर मारत होती. माझ्या नावाची कुपी दर वर्षी यायची आणि डॉक्टर ती दुसऱ्या कुणाच्या मांजराला द्यायचे. भिमाजींकडे थर्मास रिकामा परत जायचा. ते समजायचे, सगळ्यांची झाली.

२००९च्या फेब्रुवारीत ते हर्षालीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. घरात चांगदेवही बसले होते. चिंगी दोन दिवस कणगीमागं दडून होती. खात नव्हती, आवाज बसल्यासारखा येत होता. दीड महिन्यापूर्वी ती कान फाडून घेऊन आली होती, मारामाऱ्या मांजरं करतातच. मला वाटलं, घसा धरला असेल. भिमाजी आले की ती नेहमी पायाशी यायची. आज आली नाही, तर ते वाकले आणि "काय गं, रुसलीस व्हय?" म्हणत हात आत घातला.

तिनं अंगठ्याच्या बुडाशी दात रोवले आणि सोडेना. सोडवल्यावर जखम खोल दिसली. भिमाजी उठले. मोरीत गेले, नळ सोडला आणि साबण लावून पाव तास घड्याळ लावून हात धूत राहिले. मग हात पुसत बाहेर आले आणि विचारलं, "बाई, दर सालची सुई झाली न्हवं?"

चांगदेव माझ्याकडे बघत होते.

"झाली," मी म्हटलं. "दर दिवाळीला."

त्यांनी दाराशेजारच्या भिंतीकडे पाहिलं. पांढरीशुभ्र. "खूण?"

"चुन्यात गेली. कार्ड पेटीत आहे, काढू का?"

मी हे का विचारलं? त्यांनी 'काढा' म्हटलं असतं तर त्याच क्षणी सगळं सुटलं असतं. पण मला ठाऊक होतं ते काय म्हणतील.

"ऱ्हाऊ द्या. तुमच्या तोंडाला कार्ड कशाला?"

हाच माणूस गावभर सांगत फिरायचा की चावलं की त्याच दिवशी माणसानं सुई घ्यायची, मांजर टोचलेलं असो नसो, मग दहा दिवस जनावर बघत बसा. त्या दिवशी मात्र म्हणाला, "दुसऱ्या कुनाचं मांजर आसतं तर आत्ताच गेलो आसतो. लगीन तोंडावर आलंय. तिला कोंडून ठेवा, धा दिस डोळ्याखाली राहू द्या. जरा फरक वाटला की मला फोन करा."

फरक तर समोरच होता. त्यांनाही तो दिसला होता, पण टोचलेल्या मांजराला घसा धरला असेल असंच त्यांच्याही मनात आलं, कारण माझा शब्द मध्ये होता.

मी चिंगीला कोठीच्या खोलीत कोंडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीची जाळी फाटलेली होती आणि ती नव्हती. मी ओढ्यापर्यंत शोधून आले. मग स्वतःची समजूत घातली, हे दिवस मांजरांच्या माजाचे, गेली असेल, येईल. पारूबाईची गोष्ट मला ठाऊक होती. लसीचं वेळापत्रक मला तोंडपाठ होतं. माहिती नव्हती असं म्हणायची सोय मला देवानं ठेवली नाही.

दहाव्या दिवशी फोन आला. मागं मांडववाल्यांची ठोकाठोक ऐकू येत होती.

"बाई, चिंगी कशीय?"

"बरी आहे."

"खाती-पिती?"

"हो."

"मंग सुटलो, बाई," ते म्हणाले आणि हसले.

पहिलं खोटं लाजेपायी होतं. हे दुसरं कशापायी? पहिलं झाकायला, एवढंच. फोन ठेवला. मी तो पुन्हा उचलला नाही.

लग्नाला मी गेले. त्यांनी मला पुढच्या खुर्चीवर बसवलं, जावयाला बोलावून सांगितलं, "ह्या आमच्या बाई. तारखेच्या लई पक्क्या." अंगठ्याची जखम भरली होती. मी जेवले. घास उतरला, तेही लिहिते.

मार्चच्या शेवटी त्यांच्या अंगठ्याला मुंग्या येऊ लागल्या. मग हात दंडापर्यंत जळायला लागला. मग ताप. साळुबाईंनी, त्यांच्या बायकोनं, पाणी पुढं केलं आणि त्यांनी स्वतःच तोंड फिरवलं. त्यांना कुणी सांगावं लागलं नाही, बहिणीचं पाहिलेलं होतं. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी साळुबाईंना विचारलं, चावल्यावर लगेच सुया का नाही घेतल्या, आता पोटात नाही, दंडात देतात, पाच दिल्या असत्या तर माणूस वाचला असता. एकदा हे सुरू झालं की औषध नाही. पाचव्या दिवशी गेले.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या, श्रद्धांजलीच्या दिवशी मी गेले. बुद्धवंदना झाली. साळुबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. मी आज सगळं सांगायचं ठरवून गेले होते. त्यांनीच माझे हात धरले.

"बाई, तुमी मनाला लावून घेऊ नगा. त्येंनी तुमाला बोल लावला न्हाई. शुद्धीवर आले की एकच घोर व्हता. म्हनायचे, चिंगीला दर साली टोचलं, धा दिस बरी बी व्हती, तरी मुंग्या तिच्याच चाव्यातनं आल्या, म्हंजी लसच बाद व्हती. माझ्या थर्मासात बर्फ कमी पडला आसंल. साळू, मी समद्या गावाला पानी टोचलं गं. घरोघर जा आन् सांग, पुन्यांदा टोचून घ्या."

सोपं होतं. 'बर्फ पुरेसा होता' एवढंच म्हणायचं होतं. ते ऐकायला तो माणूस उरला नव्हता, पण ती बाई समोर होती. मी मान हलवली आणि उठून आले.

साळुबाई खरंच आमच्या गावात येऊन घरोघर गेल्या. पंधरा दिवसांतच लोकांनी त्याचा अर्थ लावला. चांगदेव ओट्यावर बसून म्हणाले, "भिमाजीच टोचलेल्या मांजरानं मेला. मंग टोचायचं कशाला?" त्या नोव्हेंबरात दवाखान्यात एकही मांजर आलं नाही. कुणी थर्मासही आणला नाही. हर्षालीच्या तांबडीला दर वर्षी न चुकता सुई झालेली, पाच वर्षांची, ठणठणीत. तिची साळुबाईंना भीती वाटू लागली. एका चतुर्थीला त्या तिला पिशवीत घालून ओझरला, गणपतीच्या देवळाबाहेर सोडून आल्या. माणसाच्या पायांत घोटाळणारी मांजरी होती ती, गर्दीत तिचं काय झालं कुणास ठाऊक.

या वर्षी दिवाळीला मी भिंतीला चुना लावला नाही. जुना चुना नखांनी खरवडला. आत गेरूचा डाग सापडेल असं वाटलं होतं. पापुद्र्यामागून पापुद्रा निघाला, माती लागली. काही उरलेलं नाही.

पेटीतलं कार्ड मात्र आहे. चिंगीच्या नावाचं. पहिल्या पानावर चार लेबलं, चार सह्या, शेवटची डिसेंबर २००४ची. त्याखाली 'वार्षिक' असा रकाना आहे, आणि तो कोरा आहे. उद्या मी हे कार्ड घेऊन साळुबाईंकडे जाणार आहे. त्यांना वाचता येत नाही, तेव्हा मला मोठ्यानं वाचून दाखवावं लागेल. मग ते चांगदेवांच्या ओट्यावर वाचायचं, मग दवाखान्यात. लस खराब नव्हती. बर्फ कमी पडला नव्हता. भिमाजींनी गावाला पाणी टोचलं नाही. चिंगीला वर्षाची सुई दिलीच नव्हती, आणि ती मी दिली नव्हती.